सर, सरासरी नक्की कशी काढली?

डेटा स्ट्रक्चरच्या इंटर्नलची यादी लागली आणि माझ्या नावापुढे १४ दिसले. मी तेव्हा मुंबई विद्यापीठाच्या एका संलग्न इंजिनिअरिंग कॉलेजात सेकंड इयरला, तिसऱ्या सेमिस्टरला होते. यादीत चारच रकाने होते: रोल नंबर, नाव, २० पैकी गुण आणि सही. सही केली की गुण मान्य, असा रिवाज. ठरलेल्या दिवसापर्यंत सह्या गोळा करायच्या, मग यादी विभागप्रमुखांकडे जाणार, तिथून गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर चढणार. एकदा चढले की बदलायचे म्हणजे अर्ज, शिक्के आणि हेलपाटे. त्यामुळे जे काही विचारायचं ते सहीच्या आधी.

मला १४ कमी वाटत होते, एवढ्यावर कुणी मेल करत नाही. माझी अडचण वेगळी होती. माझ्या दोन्ही टेस्टचे गुण मला माहीत होते आणि त्यातून १४ कसे आले हेच कळत नव्हतं. म्हणजे एका रीतीने ते येत होते, पण ती रीत बरोबर असेल असं वाटत नव्हतं.

ज्यांनी आमची २०१९ची सी स्कीम पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. थिअरीच्या विषयाला १०० गुण. त्यातले ८० सेमिस्टरअखेरच्या परीक्षेचे आणि २० आयएचे, म्हणजे इंटर्नल असेसमेंटचे. आयएसाठी प्रत्येकी २० गुणांच्या, तासाभराच्या दोन क्लास टेस्ट व्हायच्या. पहिली साधारण ४० टक्के अभ्यासक्रम शिकवून झाल्यावर, दुसरी त्यापुढचा आणखी ४० टक्के झाल्यावर. दोन्हींची सरासरी म्हणजे आयए. पास व्हायला २० पैकी ८ लागायचे आणि ते थिअरीपासून वेगळे मिळवावे लागायचे. हे सगळं अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये आहे, पण वर्गात ते उघडून वाचलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आमच्यातला एकजण शपथेवर सांगत होता की दोन्हींतली जास्त गुणांची टेस्ट धरतात. तो सीबीएसईतून आलेला. तिथे तीन पिरिऑडिक टेस्टपैकी चांगल्या दोनांची सरासरी घेतात, ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्याच्या जिवावर अर्धा वर्ग निर्धास्त होता.

आमची भानगड झाली ती दुसऱ्या टेस्टमध्ये. तिसऱ्या प्रश्नात पाच गुणांसाठी टोपोलॉजिकल सॉर्ट विचारलं होतं. ते ग्राफ्समध्ये येतं आणि ग्राफ्स तोपर्यंत सुरूच झाले नव्हते. पेपर संपल्यावर आरडाओरड झाली, सीआर जाऊन भेटला आणि सरांनी प्रश्न रद्द केला. टेस्ट १५ पैकी तपासली. उत्तरपत्रिका वर्गात दाखवल्या तेव्हा माझ्या पहिल्या पानावर लाल पेनाने १३/१५ लिहिलेलं होतं. पहिल्या टेस्टला १४/२० होते. मी दोन्हींचे फोटो काढून ठेवले होते. ती सवय पहिल्या वर्षापासूनची.

आता १४ आणि १३ यांची सरासरी साडेतेरा, वर ढकलली की १४. यादीत तेच होतं. पण साडेतेरा हे किती पैकी? एक टेस्ट २० ची, दुसरी १५ ची. दुसऱ्या टेस्टला कुणाला १५ पैकी १५ आणि पहिल्या टेस्टला २० पैकी २० मिळाले असते, तरी या रीतीने त्याची सरासरी साडेसतरा. म्हणजे वर्गात कुणालाही २० मिळणं शक्यच नव्हतं, कमाल १८.

मी कागदावर तीन हिशेब मांडले. पहिला हाच, सरळ सरासरी: १४. दुसरा, आधी टेस्ट २ चे गुण २० पैकी करायचे आणि मग सरासरी. १३ चे २० पैकी होतात १७.३३. त्यात १४ मिळवून दोनाने भागलं की १५.६७, म्हणजे १६. तिसरा, दोन्ही टेस्टचे गुण एकत्र धरायचे: ३५ पैकी २७. त्याचे २० पैकी होतात १५.४३, म्हणजे १५. गुण तेच, विद्यार्थिनी तीच, आणि उत्तरं तीन: १४, १५, १६.

हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीतली मैत्रीण याच वर्गात होती. तिचं माझ्या अगदी उलट: पहिल्या टेस्टला १८, दुसरीला १५ पैकी ८. यादीत तिला १३. तिच्या हिशेबात गुण एकत्र धरले तर ३५ पैकी २६, म्हणजे १४.८६ आणि पूर्णांकात १५. आधी २० पैकी करून सरासरी काढली तर ८ चे होतात १०.६७, सरासरी १४.३३, म्हणजे १४. मला दुसऱ्या रीतीत फायदा, तिला तिसऱ्या. कारण साधं आहे. गुण एकत्र धरले की पहिल्या टेस्टचं वजन ३५ पैकी २० आणि दुसरीचं फक्त १५ होतं. जिची पहिली टेस्ट चांगली गेली तिला ते परवडणार. ती मला म्हणाली, "तू मेल कर, पण तिसरी रीत लिही." मी म्हटलं, मी रीत सुचवणार नाही, कुठली वापरली एवढंच विचारणार.

वर्गाच्या ग्रुपवर चौथी मागणी सुरू झाली होती: रद्द प्रश्नाचे पाच गुण सगळ्यांना वाटून टाका. ऐकायला गोड. त्या हिशेबाने मला १६ आणि मैत्रिणीलाही १६. पण त्यात ज्याला १५ पैकी ४ मिळाले त्याचे २० पैकी ९ होतात. नुसतं २० पैकी केलं तर त्याचे साडेपाचसुद्धा होत नाहीत. जितकं कमी लिहिलं तितका फायदा जास्त. आणि एका मुलाने तो प्रश्न बाहेरच्या क्लासच्या जोरावर पूर्ण सोडवला होता, त्याचं काय करायचं हे कुणीच बोलत नव्हतं.

मेल कसा लिहावा यावर हॉस्टेलमध्ये फुकटचे सल्ले भरपूर मिळाले. एकीचं म्हणणं, विभागप्रमुखांना सीसीमध्ये ठेव, म्हणजे सर टाळणार नाहीत. मी ठेवलं नाही. सीसीत वरिष्ठ दिसले की मेलचं उत्तर येण्याआधी बचाव येतो. दुसरीचं म्हणणं, "माय मार्क्स आर लेस, काइंडली रीचेक" असं लिहून टाक, सगळे तसंच लिहितात. त्यात अडचण अशी की रीचेक म्हटल्यावर सर उत्तरपत्रिका काढतील, बेरीज तपासतील, ती बरोबरच निघेल आणि "तपासलं, बदल नाही" असं उत्तर येईल. माझ्या उत्तरपत्रिकेत चूक नव्हतीच. गोष्ट त्यापुढच्या पायरीवर अडली होती.

मूळ मेल इंग्रजीत होता, कारण कॉलेजात सगळा पत्रव्यवहार इंग्रजीतच चालतो. मराठीत सांगायचं तर असा:

> विषय: डेटा स्ट्रक्चर, आयएची सरासरी काढण्याची पद्धत (एसई कॉम्प्युटर, ए डिव्हिजन)
>
> नमस्कार सर,
>
> आयएच्या यादीत माझ्या नावापुढे १४ गुण आहेत. मला टेस्ट १ मध्ये २० पैकी १४ आणि टेस्ट २ मध्ये १५ पैकी १३ आहेत. दोन्ही उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानांचे फोटो सोबत जोडले आहेत. तपासणीबद्दल माझी काही शंका नाही.
>
> टेस्ट २ मधला एक प्रश्न रद्द झाल्यामुळे ती १५ गुणांची झाली. अंतिम सरासरी काढण्याआधी टेस्ट २ चे गुण २० पैकी केले आहेत का, एवढं कृपया कळवावं.
>
> यादीवर सही करण्याआधी समजून घ्यावं म्हणून विचारते आहे.

खाली नाव आणि रोल नंबर. बस. "तपासणीबद्दल शंका नाही" हे वाक्य मी मुद्दाम घातलं, कारण त्याने सरांचं उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे जाणं वाचत होतं. आणि प्रश्न असा ठेवला की त्याचं उत्तर हो किंवा नाही यातच यावं.

उत्तर आलं ते दोन्हींत नव्हतं. "आयए इज ॲव्हरेज ऑफ टेस्ट वन अँड टेस्ट टू, ॲज पर युनिव्हर्सिटी नॉर्म्स." झालं. रागावून नव्हे, घाईत लिहिलेलं होतं हे दिसत होतं. त्या आठवड्यात त्यांच्याकडे प्रॅक्टिकलच्या फायलींचे ढीग होते. पण अशा उत्तरानंतर बहुतेकजण गप्प बसतात, कारण "युनिव्हर्सिटी नॉर्म्स" म्हटल्यावर पुढे काय बोलणार?

मी पीडीएफ पुन्हा उघडलं. त्यात दोन्ही टेस्ट प्रत्येकी २० गुणांच्या आणि त्यांची सरासरी, इतकंच आहे. प्रश्न रद्द झाला तर काय करायचं, पूर्णांक कुठल्या पायरीवर करायचा, याबद्दल त्या परिच्छेदात अक्षर नाही. पण "प्रत्येकी २०" या दोन शब्दांत माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. दोन्ही टेस्टचं वजन सारखं असायला हवं असेल, तर १५ ची टेस्ट आधी २० ची करावी लागते. त्याच न्यायाने मैत्रिणीची आवडती तिसरी रीतही बाद होत होती. तिला मी ते सांगितलं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय बदलला.

दुसरा मेल पहिल्यापेक्षा लहान केला. आधीच्याच मेलला उत्तर म्हणून पाठवला, म्हणजे फोटो आणि आकडे खाली राहतील. त्यात लिहिलं की सर, सरासरीच घेतली आहे हे समजलं. १४ आणि १३ यांची थेट सरासरी साडेतेरा येते आणि १३ चे २० पैकी करून घेतल्यास १५.६७. यादीत १४ आहेत म्हणजे पहिली रीत वापरलेली दिसते. तसं असेल तर हा प्रश्न पूर्ण डिव्हिजनचा आहे, म्हणून एकदा पाहावं. पीडीएफमधल्या त्या परिच्छेदाचा स्क्रीनशॉट जोडला. सह्यांची मुदत कधी संपते हेही लिहिलं, नाहीतर हा मेल फायलींच्या ढिगाखाली गेला असता.

या वेळी मेलला उत्तर आलंच नाही. लॅब सुटल्यावर सरांनी हाक मारली, "ए, ती सरासरीवाली, स्टाफरूममध्ये ये."

त्यांनी लॅपटॉपवर एक्सेलची शीट उघडली. शेजारच्यांचे गुण दिसू नयेत म्हणून माझी ओळ सोडून बाकीच्या लपवल्या, हे मला आवडलं. माझ्या ओळीत D रकान्यात १४, E रकान्यात १३, F मध्ये १४. F वर क्लिक केल्यावर वरच्या पट्टीत सूत्र दिसलं:

```
=ROUND(AVERAGE(D7,E7),0)
```

शीट आधीच्या वर्षीची होती. सूत्र तेच, फक्त गुण नवे भरलेले. आधीच्या वर्षी दोन्ही टेस्ट २० च्याच होत्या, त्यामुळे सूत्र बरोबर चालत होतं. या वर्षी E रकाना १५ पैकी आहे हे शीटला कुणी सांगितलंच नव्हतं. सर दोन-तीन क्षण बघत राहिले आणि म्हणाले, "हं. बरोबर आहे तुझं." मग त्यांनी सूत्र बदललं:

```
=ROUND((D7+E7*20/15)/2,0)
```

माझे १६ झाले. त्यांनी सगळ्या ओळी उघडल्या, सूत्र खालपर्यंत ओढलं आणि आकडे एकेक करत वर चढायला लागले. मी मान वळवली होती, पण सरांचा "अरे!" ऐकून बघितलंच. मध्येच एका ओळीत आकड्याऐवजी `#VALUE!` आलं होतं.

त्या ओळीतला मुलगा दुसऱ्या टेस्टला गैरहजर होता. त्याच्या E रकान्यात आकडा नव्हता, AB अशी अक्षरं होती. आता एक्सेलची गंमत अशी की `AVERAGE` ला असा रकाना दिला की तो अक्षरं सोडून देतो आणि जे आकडे सापडतील त्यांचीच सरासरी काढतो. रिकामा रकाना असला तरी तेच. त्यामुळे या मुलाच्या १५ आणि AB ची सरासरी थेट १५ आली होती. टेस्ट देऊन १३ मिळवलेली मी १४ वर आणि टेस्ट न दिलेला तो १५ वर. कुठे लाल खूण नाही, कुठे इशारा नाही. नव्या सूत्रात मात्र AB ला २० ने गुणायची वेळ आली, अक्षरांना गुणता येत नाही म्हणून एक्सेल अडलं, आणि म्हणूनच ते दिसलं. जुनं सूत्र तसंच राहिलं असतं तर ही ओळ कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. मला वाटतं, गुणांच्या शीटमध्ये अडून बसणारं सूत्र हे मुकाट्याने उत्तर देणाऱ्या सूत्रापेक्षा कधीही बरं.

आमच्या विभागात रीत अशी होती की कारण मान्य झालं नाही तर गैरहजरीचे शून्य धरायचे. शून्य धरून त्याची सरासरी साडेसात, वर ढकलून ८, म्हणजे काठावर पास. पूर्णांक खाली केला असता तर नापास. पण त्याला डेंग्यू झाला होता आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्याने वेळेवर दिलं होतं. ते कुठल्यातरी फाइलमध्ये पडून राहिलं होतं. विभागप्रमुखांची परवानगी घेऊन सरांनी त्याची टेस्ट पुन्हा घेतली, २० गुणांची. त्यात त्याला १० पडले आणि अंतिम गुण १३ झाले. मधल्या काळात तो मला कॉरिडॉरमध्ये भेटला तेव्हा म्हणाला, "तुझे दोन वाढले आणि माझी परीक्षा आली." चिडून म्हणाला नाही, पण हसूनही नाही. यावर मी काय बोलणार होते?

सुधारलेली यादी लागली आणि मला वाटलं विषय संपला. तो संपला नाही, कारण बी डिव्हिजन.

बी डिव्हिजनला हाच विषय दुसऱ्या मॅडम शिकवत होत्या. टेस्ट एकच, रद्द प्रश्नही तोच. त्यांनी सुरुवातीपासूनच १५ चे २० केले होते, फक्त हाताने. उत्तरपत्रिकेवरच १५ पैकीचे गुण खोडून शेजारी २० पैकीचे लिहिले होते, आणि उत्तरपत्रिकेवर पूर्णांक लिहायचा म्हणून तिथेच पूर्णांक केला होता. मग त्या पूर्णांकांची सरासरी आणि तिचा पुन्हा पूर्णांक. आमच्याकडे सूत्र एकदाच, अगदी शेवटी पूर्णांक करत होतं. वरवर पाहता फरक काहीच नाही. माझ्या गुणांना तर नाहीच: १७.३३ चे १७, त्यात १४, सरासरी साडेपंधरा, १६.

पण माझ्या मैत्रिणीचं बघा. तिचे ८ म्हणजे १०.६७. आमच्या सूत्राने १४.३३, म्हणून १४. मॅडमच्या रीतीने आधी १०.६७ चे ११ होतात, मग १८ आणि ११ ची सरासरी साडेचौदा, आणि ती वर जाऊन १५. बी मध्ये असती तर तिला एक गुण जास्त मिळाला असता. हे तिनेच शोधून काढलं, बी मधल्या मुलीशी गुण ताडून. या वेळी मेल तिने लिहिला. माझाच मेल उघडून त्यात आकडे बदलले आणि विषयात "दोन डिव्हिजनमधली पद्धत" असं घातलं.

आम्ही दोघींनी रात्री बसून सगळ्या शक्यता तपासल्या. १५ पैकीच्या गुणांचे २० पैकी करताना अपूर्णांक तीनच प्रकारचे येतात: काहीच नाही, ०.३३ किंवा ०.६७. ०.३३ वाल्यांना दोन्ही रीतींत सारखेच गुण पडतात. ०.६७ वाल्यांपैकी काहींना मॅडमच्या रीतीत एक गुण जास्त मिळतो आणि बाकीच्यांना तेवढेच. म्हणजे दोनदा पूर्णांक केल्याने नुकसान कुणाचंच होत नाही. अर्थात हे अर्धा वर ढकलायचा असं ठरलेलं असेल आणि भागिले १५ चं प्रकरण असेल तरच. दुसऱ्या आकड्यांना हा हिशेब लागू होईलच असं नाही. गणिताच्या दृष्टीने मला अजूनही शेवटी एकदाच पूर्णांक करणं योग्य वाटतं. मधेच पूर्णांक केला की आपण न मिळवलेला अंश गुणांत शिरतो. पण मैत्रिणीसमोर हे मत मी फार लावून धरलं नाही.

निर्णय विषयाच्या समन्वयक मॅडमकडे गेला. त्यांनी दोन्ही शिक्षकांना एकत्र बसवलं. एकदाच पूर्णांक करायचा ठरला असता तर बी मधल्या काहींचे जाहीर झालेले गुण कमी करावे लागले असते, आणि त्या यादीवर सह्याही झाल्या होत्या. त्यामुळे दोन्हीकडे मॅडमचीच रीत लागू झाली आणि आमच्या शीटमधलं सूत्र पुन्हा बदललं:

```
=ROUND((D7+ROUND(E7*20/15,0))/2,0)
```

मैत्रिणीचे १३ चे १४ आणि १४ चे १५ झाले. ग्रुपवरची पाच गुण वाटण्याची मागणी सरांनी एका वाक्यात निकालात काढली: "न लिहिलेल्याचे गुण मी कुठून देऊ?" बाहेरच्या क्लासवाला मुलगा थोडे दिवस धुसफुसत राहिला. त्याच्या सोडवलेल्या प्रश्नाला न्याय देणारी रीत आम्हाला कुणालाच सापडली नाही.

पुढच्या सेमिस्टरला सरांनी यादीचा नमुनाच बदलला. टेस्ट १, टेस्ट २, दोन्ही किती पैकी, अंतिम गुण, आणि तळाशी एका ओळीत सरासरी कशी काढली ते. सही करायला उभी असलेली मुलं ती ओळ वाचत होती का, शंकाच आहे. पण शेजारी गणिताची यादी लागली होती, तीत जुनेच चार रकाने होते, आणि माझ्या नावापुढचा आकडा माझ्या फोटोंशी जुळत नव्हता. मी सही न करता खोलीवर आले आणि मेल उघडला.